सोमवारची किल्ली

आमच्या वन्संनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. पण चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा विषय निघाला की त्या डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवत आणि चहा टाकायला मागच्या खोलीत जात. गिऱ्हाईक मग माझ्याकडे बघे. मी रस्त्याकडे बघे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, चौकाच्या कोपऱ्यावर घड्याळाचं दुकान होतं. पुढे दुकान आणि मागे घर. मनोऱ्याचं घड्याळही त्यांच्याच देखभालीत असे. यजमानांना त्या कामाची कधीच गोडी नव्हती. ते बँकेत लागले आणि सुटले. दुकान शिकल्या त्या वन्सं. शाळकरी वयातच त्या बापाशेजारी स्टुलावर बसून चिमट्यानं स्क्रू उचलत. मामंजी कौतुक तोंडानं करत नसत. अवघड काम मुलीपुढे सरकवत आणि स्वतः वर्तमानपत्र उघडत, हेच कौतुक.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा दर सोमवारी सकाळी बापलेक मनोऱ्यावर किल्ली द्यायला जात. मनगटी घड्याळाची किल्ली चिमटीत मावते. मनोऱ्याची म्हणजे विहिरीच्या रहाटासारखं लोखंडी हँडल. ते फिरवलं की एका ड्रमवर पोलादी दोर गुंडाळत जातो आणि त्याला टांगलेलं बिडाचं वजन वर येतं. मग आठवडाभर ते वजन इंचाइंचानं खाली उतरतं. त्याच्या ओढीवर चक्रं फिरतात. वजन मोकळं सुटू नये, एका झोक्याला एकच दाता पुढे जावा, हे काम लंबक पाहतो. शेवटच्या चक्रावर दोन टोकांची एक कडी असते. मामंजी तिला नांगर म्हणत. लंबक इकडे गेला की नांगराचं एक टोक दाता सोडतं, तिकडे गेला की दुसरं टोक पुढचा दाता अडवतं. सुटताना तो दाता नांगराला, आणि नांगर लंबकाला, अगदी हलका धक्का देतो. त्या धक्क्यावर लंबक झुलत राहतो. हे सगळं मला वन्संनीच समजावलं होतं, पोळ्या लाटताना.

त्या वर्षी मामंजींचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. तेव्हा किल्ली द्यायचं काम वन्संकडे आलं. आणि तेव्हापासूनच घड्याळ बिघडायला लागलं.

सोमवारी वन्संनी किल्ली द्यावी, आणि मंगळवारी दुपारच्या सुमारास घड्याळ बंद पडावं. वर जाऊन लंबकाला ढकललं की थोडा वेळ चाले, पुन्हा थांबे. असं दोनतीनदा झालं की मग मुकाट्यानं आठवडाभर चाले. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. मामंजींनी सगळी चक्रं भिंगाखाली पाहिली, तेल बदललं, नांगराची टोकं घासली. काही सापडेना. मग एका सोमवारी ते म्हणाले, "आज मी देतो." एकटेच वर जाऊन दुखऱ्या हातानं त्यांनीच किल्ली दिली. मंगळवार गेला, बुधवार गेला, घड्याळ चालतच राहिलं. पुढच्या सोमवारी वन्संनी दिली, मंगळवारी बंद. त्याच्या पुढच्या सोमवारी मामंजींनी, चालू.

जेवताना त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुझ्या हाताला हिसका आहे. भरताना चक्राला धक्का बसतो. उद्यापासून तू वर यायचं नाहीस."

"बाबा, मी तुम्ही शिकवलं तसंच..."

"मी शिकवलं तसं केलं असतंस तर ते थांबलं नसतं."

बस, एवढंच बोलणं झालं. आवाज चढला नाही, ताट सरकवलं नाही. वन्संनी हातातला घास तसाच धरून ठेवला होता. आमटी मनगटावर ओघळली तरी त्यांना कळलं नाही.

पुढे मामंजींचा खांदा इतका जड झाला की त्यांना हँडल फिरवेना. वन्संना त्यांनी वर जाऊ दिलं नाही आणि दुसऱ्या कुणाचा त्यांना भरवसा नव्हता. घड्याळ थांबलं. लोकांना मामंजी "जुनं झालंय" म्हणून सांगत. खरं कारण घरात फक्त आम्हाला ठाऊक होतं. पुढे ते गेले. काही वर्षांनी माझे यजमानही गेले. आम्ही दोघी बायका त्या दुकानामागे राहिलो. घड्याळ दुरुस्त झालं की वन्सं ते गिऱ्हाइकापुढे ठेवत आणि म्हणत, "किल्ली तुम्हीच द्या." लोकांना ती धंद्यातली अदब वाटे. मला माहीत होतं ती अदब नव्हती. त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता.

मनोऱ्यावर मुंग्या येतील तशी कबुतरं आली. काटे चार वाजून काही मिनिटांवर अडकले ते अडकले. मुलं वेळ विचारली की "चार वाजले" म्हणून दात काढत.

यंदा नगरपालिकेत एक नवे साहेब आले. ते खुर्चीवर कधी टेकत नाहीत म्हणून सगळे त्यांना घाईसाहेब म्हणतात, त्यांनाही ते ठाऊक आहे. ते एका सकाळी दुकानात उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, मनोऱ्यावर विजेवर चालणारं यंत्र बसवतोय. जुनं कापून भंगारात काढणार. तुमच्या वडिलांच्या हाताखालचं होतं, म्हणून कानावर घालतो. काही आठवण म्हणून हवं असेल तर एखादं चक्र ठेवून घ्या."

वन्संनी भिंग काढलं. मला वाटलं आता त्या चहाला उठणार. पण त्या बसून राहिल्या.

"कापणार कधी?"

"ठेकेदार पुढच्या महिन्यात येईल."

"तोवर मला वर जाऊ द्याल?"

घाईसाहेब पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. "दुरुस्त होईल? झालं तर माझं विजेचं बिल वाचेल, मी कशाला नको म्हणू? पण चालून दाखवायला हवं, बाई. आठ दिवस न थांबता. नाहीतर मी ठेकेदाराला थांबवू शकणार नाही."

ते गेल्यावर मी म्हणाले, "वन्सं, या वयात ते जिने? गुडघे काय म्हणतील?"

"गुडघे काय म्हणायचं ते म्हणू देत. वहिनी, ते कापलं की संपलं. मग मला कधीच कळणार नाही, ते माझ्या हातानं थांबत होतं की नाही."

इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोबतीला त्यांनी आमच्या गल्लीतला म्हातारा सुतार घेतला. त्याचा हात स्वच्छ आणि तोंड अखंड चालू. मी डबा घेऊन जाई आणि खालच्या पायरीवर बसायचं ठरवून रोज वरच पोचे.

वरची खोली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. एका पलंगाएवढी बिडाची चौकट दोन जाड लाकडी तुळयांवर बसवलेली, त्या तुळयांची टोकं भिंतीत गेलेली. दोन तुळयांच्या मधे जमिनीला चौकोनी भोक, त्यातून वजनाचा दोर खाली अंधारात गेलेला. चौकटीच्या मागच्या बाजूला लंबक टांगलेला. त्याचा दांडा लाकडी, माणसापेक्षा उंच आणि तळाला कलिंगडाएवढा बिडाचा गोळा. तोही त्याच भोकातून खाली लोंबकळत होता. सगळ्यावर कबुतरांची विष्ठा, पिसं, आणि तेलाचा काळा चिकट डिंक.

"ताई, हे घड्याळ आहे की कबुतरांचं प्रसूतिगृह?" सुतार म्हणाला.

"बोलत राहा, पण खरवडत राहा," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी आधी वजन उतरवून जमिनीवर टेकवलं, दोर मोकळा केला. भरलेल्या घड्याळाची चक्रं सोडवणं म्हणजे हात गमावणं. मग एकेक चक्र काढून रॉकेलमध्ये बुडवलं, दात्यांच्या फटी लाकडी काडीनं साफ केल्या. आसांची टोकं घासून आरशासारखी केली. चौकटीतल्या ज्या भोकांत ही टोकं फिरतात ती भोकं झिजून लांबट झाली होती. ती मोठी करून त्यांनी त्यांत नवे पितळी बुश, म्हणजे आखूड नळ्या, ठोकून बसवले. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती गंजून तडकली होती. तेवढ्याच जाडीची नवी पट्टी कापून लावली. गंजलेला दोर टाकून नवा आणला. तबकड्यांकडे जाणारे दांडे आधी सोडवून ठेवले, म्हणजे नुसतं यंत्र चालतं का ते बघता येईल, काट्यांचं ओझं नंतर. लंबक सोडल्यावर त्या डोळे मिटून ऐकत बसल्या. आवाज लंगडत होता, टक् लवकर आणि टाक् उशिरा. त्यांनी नांगराचा दांडा केसभर वाकवला, पुन्हा ऐकलं, पुन्हा वाकवला. शेवटी दोन्ही आवाज सारखे पडले.

मग काटे जोडले, टोल्यांचं यंत्र जोडलं. पहिल्या दिवशी चार वाजता घंटेनं नऊ टोले दिले. चौकात हशा पिकला. खालून कुणीतरी ओरडलं, "बाई, रात्र झाली का हो? दुकानं मिटू?" टोल्यांचं चक्र वेगळं असतं, त्याच्या कडेला खाचा असतात. एक टोला, मग दोन, मग तीन, अशा अंतरानं. त्याला काटे दिसत नाहीत. ते आपलं पुढचं पान वाचत जातं. वन्सं हातानं कडी उचलून टोले देववत गेल्या, दहा, अकरा, बारा, मग एकपासून पुन्हा, चारचे होईपर्यंत. गावानं तेवढ्या वेळात अर्धा दिवस ऐकला.

रविवारी सगळं बरोबर होतं, पण तोवर चाचणीपुरते थोडेच फेरे भरले होते. सोमवारी सकाळी पूर्ण किल्ली द्यायची होती.

सुताराने हँडलला हात घातला. "मी देतो, ताई."

"नको. मीच द्यायला हवी."

त्यांनी आधी आधाराची कडी चक्राच्या दात्यांत अडकवली. किल्ली देताना वजनाची ओढ सुटते, तेवढा वेळ ही कडी चक्राला पुढे ढकलत राहते. मग हँडल फिरवायला सुरुवात केली. हिसका नाही, थांबणं नाही. दोराला लावलेली लाल खूण ड्रमपाशी येईपर्यंत त्या फिरवत राहिल्या. घामानं पाठ भिजली. खाली आल्यावर दुकानात न जाता त्या पलंगावर आडव्या झाल्या.

मंगळवारी दुपारी आम्ही टोल्यांकडे कान लावून ताटावरच बसून राहिलो होतो. दोनचे टोले पडले. तीनचे पडले नाहीत.

वन्संनी ताटातला भात तसाच ठेवला, हात धुतला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"म्हणजे माझाच हात," त्या म्हणाल्या. "बाबा बरोबर होते."

मी म्हणाले, "वर तर जाऊन बघू."

"काय बघायचं? मला माहीत आहे काय दिसणार."

तरी त्या उठल्या. रागानं उठल्या, हे बरं झालं. सुतार आमच्या आधी पोचला होता. वन्संनी लंबक ढकलला आणि या वेळी चक्रांकडे पाठ करून त्या जमिनीवर बसल्या. भोकातून खाली बघत राहिल्या. मामंजी असते तर चक्रंच बघत राहिले असते, मला वाटतं. आयुष्यभर त्यांनी चुका तिथेच शोधल्या होत्या.

त्यांनी भोकाच्या काठाला हात टेकून आणखी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "वहिनी, खाली बघ. मला दिसतंय ते तुलाही दिसतंय का सांग."

मी वाकले. वजन दोरावर लोंबत होतं, लंबकाच्या गोळ्याच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर. आणि ते झुलत होतं. कुणी हात लावला नव्हता. लंबकाच्याच तालात, आधी बोटभर, मग वीतभर. जसजसं वजन जास्त झुले तसतसा लंबकाचा झोका लहान होत होता.

"आजोबा, आडवे व्हा आणि काठीनं ते वजन धरून ठेवा," वन्संनी सुताराला सांगितलं.

"मला आजोबा म्हणता? तुम्ही माझ्याहून थोरल्या आहात."

"आडवे व्हा हो!"

तो पोटावर झोपला, काठीला फडकं गुंडाळून त्यानं वजन स्थिर केलं. थोड्या वेळात लंबकाचा झोका हळूहळू मोठा होऊ लागला. काठी काढली की वजन पुन्हा झुलायला लागे, लंबक पुन्हा थकायचा.

वन्सं समजावू लागल्या, मला की स्वतःला कुणास ठाऊक. दोरावर टांगलेलं वजन हाही एक लंबकच. जेव्हा त्याचा दोर लंबकाच्या दांड्याएवढा लांब होतो तेव्हा दोघांची लय एक होते. मग लंबकाची ताकद ते खाऊन टाकतं. वजन आणखी खाली उतरलं, दोर लांबला, की लय तुटते आणि घड्याळ पुढे आठवडाभर नीट चालतं. म्हणून मंगळवार. वजन पूर्ण वर चढवलं की एका दिवसात ते बरोबर लंबकाच्या उंचीला येतं.

"पण लंबकाचा झोका वजनापर्यंत पोचतो कसा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या डब्यातली वाटी घेतली, तिच्यात पाणी ओतलं आणि तुळईवर ठेवली. लंबकाच्या प्रत्येक झोक्याबरोबर पाण्यावर गोल लहर उठत होती. तुळई हलत होती. सुताराने तिच्या भिंतीतल्या टोकात पटाशी घातली, ती लोण्यात शिरावी तशी शिरली.

"आत भुगा आहे, ताई. वरून रंग धडधाकट. ही कुज आजची नाही, फार जुनी आहे."

"मग बाबांनी किल्ली दिली की का थांबत नव्हतं?" वन्सं म्हणाल्या. "तुळई तर तीच होती. हात तेवढा वेगळा."

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"वन्सं," मी म्हणाले, "त्या दिवसांत मामंजी आठवड्यातून दोनदा मनोऱ्यावर जात. सोमवारी आणि पुन्हा गुरुवारी. तुम्ही तेव्हा दुकान सांभाळायच्या. परत आले की मागच्या दारानं येत आणि मला खांद्याला तेल चोळायला सांगत. म्हणत, हिला बोलू नकोस."

वन्सं भोकापासून माझ्याकडे वळल्या.

"दोनदा कशाला?"

मग त्यांनाच कळलं. मला कळायच्या आधी कळलं.

"पूर्ण किल्ली देववत नव्हती त्यांना. खांदा दुखायचा. अर्ध्यावर सोडत होते. वजन लंबकाच्या खालीच राहायचं, वर यायचंच नाही. म्हणून चालत होतं. अर्ध्यावर सोडलं एवढं जरी म्हणाले असते..."

सुताराने पटाशी तुळईतून ओढून काढली.

मामंजी खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, की माझ्या हातानं चालतं, तुझ्या हातानं थांबतं. फक्त आपल्या हाताला आता पूर्ण फेरे होत नाहीत, हे त्यांनी मुलीपासून लपवलं. आणि जे लपवलं त्यातच उत्तर होतं. लेकीला समोर बसवून एकदा म्हणाले असते, तर तिनं पाच मिनिटांत हिशेब लावला असता. तिला शिकवलं होतं त्यांनीच.

वन्संनी वजन पुन्हा जमिनीवर उतरवलं. सुताराने चौकटीखाली टेकू दिले, तुळयांचा कुजका भाग कापला आणि दोन्ही टोकांखाली भिंतीच्या पक्क्या दगडात लोखंडी कंस बसवले. चौकट तुळयांना आरपार बोल्टांनी आवळली. वाटीतलं पाणी आता हललं नाही. घाईसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उभ्या उभ्याच ऐकलं आणि म्हणाले, "ठेकेदाराला मी थोपवतो. पण आठ दिवस, बाई." त्यांचा शब्द तोच राहिला, ते बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी वन्संनी लाल खुणेपर्यंत किल्ली दिली. मंगळवारी आम्ही दुकान बंद ठेवलं. दोनचे टोले पडले. वन्सं मागच्या खोलीत भाजी चिरत होत्या, चिरलेलीच पुन्हा चिरत होत्या. तीनचे पडले. चारचे पडले. पाचला त्या रडल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"बाबांना हे सांगता यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं कळलं की हलकं वाटेल. बाबा गेले ते मला दोषी धरून गेले, वहिनी. ते आता कोण बदलणार?"

"कुणी नाही," मी म्हणाले. खोटा दिलासा द्यायची ती वेळ नव्हती.

आठ दिवस घड्याळ चाललं. यंत्र कापलं गेलं नाही. किल्ली द्यायला नगरपालिकेनं पाणीपुरवठ्यातला एक माणूस नेमला, वन्संनी त्याला शिकवायचं ठरलं. घाईसाहेब सूचनांची पाटी रंगवून भिंतीवर लावणार होते. आधी कडी लावावी, लाल खुणेच्या पुढे भरू नये, वगैरे. वन्संनी नगरपालिकेत जाऊन शेवटी एक ओळ घालायला सांगितली. पूर्ण किल्ली देता आली नाही, तर तसं कुणाला तरी सांगावं.

घाईसाहेबांनी चष्मा वर केला. "याला अर्थ काय? देता येईल असाच माणूस नेमलाय ना?"

"आज देता येते त्याला. हात कायम तसा राहत नाही."

"ही सूचना झाली का, बाई? यंत्राची सूचना हवी."

"यंत्राचीच आहे," वन्सं म्हणाल्या. आणि पाटी रंगवणारा येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.